त्रिताल हातावर धरताना: टाळी, काल आणि नववी मात्रा

त्रितालाच्या मात्रा १६, हे पहिल्याच दिवशी कळतं. बोलही दोन दिवसांत पाठ होतात. पण तबला वाजत असताना हातावर ताल धरायला सांगितलं की बहुतेकांचा हात नवव्या मात्रेपाशी अडखळतो. मी बरीच वर्षं नवख्या मंडळींना हार्मोनियम शिकवतो आहे, आणि ही अडखळण्याची जागाच इतकी ठरलेली आहे की त्याचं कारण नीट समजून घेणं भाग पडलं. ते कारण पुढे येईलच. त्याआधी हात बसवून घेऊ.

मांडी घालून बसा. डावा हात डाव्या मांडीवर, तळवा वर. उजव्या हाताने त्यावर टाळी द्यायची. दोन्ही हात हवेत धरून टाळ्या वाजवू नका, कारण थोड्या वेळाने खांदे भरून येतात आणि दमलेला हात लय ओढायला लागतो. डावा तळवा स्थिर असला की उजव्या हाताला कुठे पोहोचायचं ते न बघता कळतं.

१६ मात्रांचे चार खंड, प्रत्येक खंडात चार मात्रा. म्हणजे खंड सुरू होतात १, ५, ९ आणि १३ या मात्रांवर. यातल्या १, ५ आणि १३ वर टाळी, आणि ९ वर काल. काही जण कालाला ‘खाली’ म्हणतात, दोन्ही एकच. तीन टाळ्या म्हणून त्रिताल. पहिली टाळी ती सम.

मधल्या मात्रांसाठी बोटं. टाळी दिल्यावर उजव्या हाताची करंगळी डाव्या तळव्यावर टेकवा, ती दुसरी मात्रा. मग अनामिका, तिसरी. मग मधलं बोट, चौथी. पाचवीला पुन्हा पूर्ण टाळी. काही गुरू अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लावतात. तुमच्या गुरूंची पद्धत वेगळी असेल तर तीच ठेवा, फक्त रोज एकच ठेवा.

आता काल. नवव्या मात्रेला उजवा हात तळव्यावर आणायचा नाही. तो उजवीकडे नेऊन तळवा आकाशाकडे करायचा, जणू हातातलं काहीतरी बाजूला ठेवून दिलं. दहावीला हात परत येतो आणि करंगळी टेकते.

काल देताना आवाज होत नाही, आणि नवख्या माणसाची पहिली चूक इथेच होते. टाळीला मात्रेचा क्षण ऐकू येतो. हवेत फिरवलेल्या हाताला तो क्षण नसतो; हात निघाला तेव्हा मात्रा आली की पोहोचला तेव्हा, हे त्या हातालाच माहीत नसतं. मग नववी मात्रा लांबते आणि ती भरून काढायला दहावी घाईने येते. यावर साधा उपाय असा, की सुरुवातीचे काही दिवस उजव्या हाताची पालथी बाजू उजव्या गुडघ्यावर हलकेच टेकवायची. टेकण्याचा क्षण ती नववी मात्रा. काही दिवसांनी गुडघा सोडून द्या, हात त्याच जागी हवेत आपोआप थांबतो. थांबला पाहिजे, हे महत्त्वाचं. कमान काढत वाहत जाणारा हात दिसायला छान दिसतो, पण त्याच्यावर मोजता येत नाही.

घड्याळासमोर चार मिनिटं

बोल म्हणण्याआधी फक्त आकडे म्हणत हात चालवा, आणि त्यासाठी टिकटिक ऐकू येणारं भिंतीवरचं घड्याळ घ्या. एका सेकंदाला एक मात्रा, म्हणजे मिनिटाला ६०. या लयीत त्रितालाचं एक आवर्तन १६ सेकंदांचं होतं. सेकंदकाटा बारावर आला की समेची टाळी द्या. पुढची सम १६ व्या सेकंदाला पडायला हवी, मग ३२ ला, मग ४८ ला, आणि त्यापुढची दुसऱ्या मिनिटाच्या चौथ्या सेकंदाला. असंच चालू ठेवलंत तर चार मिनिटांत बरोबर १५ आवर्तनं होतात आणि सोळाव्या आवर्तनाची सम काटा पुन्हा बारावर असताना येते.

ही चाचणी मला आवडते, कारण ती खोटं बोलू देत नाही. सम काट्याच्या पुढे-मागे जायला लागली तर मात्रा कुठेतरी हरवली किंवा जास्तीची आली. सेकंदभर उशिरा आलात तर बहुधा सोळावी झाल्यावर श्वास घ्यायला थांबला होतात. सोळावीनंतर जागा नाही. तिच्या मधल्या बोटापासून समेच्या टाळीपर्यंतचं अंतर इतर दोन मात्रांमधल्या अंतराएवढंच. आवर्तन संपतं ते सोळाव्या आकड्यावर नाही, पुढच्या समेवर. श्वास घ्यायचाच असेल तर हात न थांबवता घ्या.

आणखी एक. समेची टाळी जोरात देऊ नका. तिन्ही टाळ्या सारख्या द्या. समेवर धाडकन हात आपटायची सवय लागली की हात तिथे पोहोचायच्या घाईत १४, १५, १६ या मात्रा आखडतो.

बोल आणि हात

आता ठेका. खंडागणिक असा:

१ ते ४, टाळी: धा धिं धिं धा
५ ते ८, टाळी: धा धिं धिं धा
९ ते १२, काल: धा तिं तिं ता
१३ ते १६, टाळी: ता धिं धिं धा

‘धा’ आणि ‘धिं’ म्हणताना दोन्ही हात वाजतात: उजव्याचा तबला आणि डाव्याचा डग्गा, म्हणून खाली घुमारा असतो. ‘ता’ आणि ‘तिं’ यांत डग्गा गप्प असतो, फक्त तबल्याची चाट किंवा लव ऐकू येते.

हे लक्षात ठेवून पुन्हा तिसऱ्या ओळीकडे बघा. काल म्हणजे ‘रिकामी’ जागा असं शिकवलेलं असतं, म्हणून कान नवव्या मात्रेवर डग्गा थांबण्याची वाट बघतो. पण नववीवर ‘धा’ आहे. डग्गा वाजतो. तो थांबतो दहावीवर. आणि चौथ्या ओळीत उलट गंमत: तेरावीवर टाळी आहे, भरलेली जागा, पण बोल ‘ता’, डग्गा नाही. डग्गा परत येतो चौदावीवर.

हात नवव्या मात्रेवर काल दाखवतो आणि तेरावीवर टाळी देतो. कानाला ऐकू येणारी शांतता दहावी ते तेरावी अशी, म्हणजे एका मात्रेने पुढे सरकलेली. कानाच्या मागे जाणारा माणूस दहावीला हात उलटा करतो, चौदावीला टाळी देतो, आणि मग सम एका मात्रेने चुकते. तो हुशार नसतो म्हणून चुकत नाही. नीट ऐकतो म्हणूनच चुकतो. माझ्याकडे येणाऱ्या, कान चांगला असलेल्या मंडळींना हे जास्त छळतं.

उपाय हात आणि तोंड एकत्र बसवण्याचा आहे. काल देताना ‘धा’ मोठ्याने म्हणा, आणि तेरावीची टाळी देताना ‘ता’ मोठ्याने म्हणा. बाकीचे बोल हळू. या दोन जागा पाच-सहा दिवस अशा घोटल्या की उलटा हात आणि ‘धा’ यांची गाठ बसते. बोल मनात म्हणू नका. मनात म्हणताना आपण नकळत अवघड जागा गाळतो, आणि हाताला ते कळत नाही.

मग याच सरकलेल्या शांततेचा उपयोगही करून घेता येतो. समजा मैफल मधेच ऐकायला लागलात किंवा ध्वनिमुद्रण कुठूनतरी सुरू केलंत आणि सम कुठे आहे ते कळत नाही. मध्यलयीचा त्रिताल असेल आणि तबलजी साधा ठेका धरून असेल, तर डग्ग्याकडे कान लावा. घुमारा बारा मात्रा भरभरून येतो आणि चार मात्रा नाहीसा होतो. तो परत आला की ती चौदावी. लगेच ‘चौदा, पंधरा, सोळा’ म्हणा आणि टाळी द्या. ती सम. एका आवर्तनात खात्री पटली नाही तर पुढच्यात पटते. तबलजीने ठेका भरायला घेतला, तुकडे-मुखडे वाजवायला लागला, की ही खूण बुजते. तेव्हा आधी पकडलेला हात सोडायचा नाही, मोजत राहायचं.

हे सगळं ठेक्याचं झालं. हाताची रचना मात्र ठेक्यावर अवलंबून नसते, आणि ते पटवायला तिलवाडा हा ताल चांगला. मात्रा १६, टाळ्या १, ५, १३ वर आणि काल ९ वर, सगळं त्रितालासारखंच. बोल मात्र ‘धा तिरकिट धिं धिं, धा धा तिं तिं, ता तिरकिट धिं धिं, धा धा धिं धिं’. इथे तिं सातवीवरच येतात आणि कालावर ‘ता’ आहे. तुमचा हात तसाच चालतो. हात तालाचा सांगाडा दाखवतो. त्यावर ठेक्याने कुठे वजन टाकायचं हा वेगळा प्रश्न.

समेआधी सुरू होणारं गाणं

नवीन माणसाला वाटतं की बंदिश समेपासून सुरू होते. त्रितालात मध्यलयीतल्या पुष्कळ बंदिशी कालापासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठतात. मुखडा आठ मात्रांचा, आणि त्याच्या पुढचा शब्द समेवर. हातावर हे करून बघा: पहिले दोन खंड गप्प राहून टाळ्या आणि बोटं चालवा, हात उलटा झाला की गायला लागा. बंदिशीचा पहिला स्वर आणि उलटा हात एकाच क्षणी. हे सोपं जातं, कारण खूण डोळ्यांना दिसते.

अवघड असतं ते खंडाच्या मधून उठणारं. सतारीवर विलंबित त्रितालातली मसीतखानी गत घ्या. तिचा मुखडा बाराव्या मात्रेवरून उठतो आणि बोल ठरलेले: दिर दा दिर दा रा. हातावर मांडलं तर असं दिसतं. नववी, हात उलटा. दहावी, करंगळी. अकरावी, अनामिका. बारावी, मधलं बोट, आणि तिथे ‘दिर’. तेरावीच्या टाळीवर ‘दा’, मग करंगळीवर ‘दिर’, अनामिकेवर ‘दा’, मधल्या बोटावर ‘रा’, आणि समेच्या टाळीवर पुढचा ‘दा’.

इथे बोटांचा खरा उपयोग कळतो. फक्त टाळ्या देऊन मधल्या मात्रा मनात मोजणाऱ्याला बारावी कुठे आहे हे सांगता येत नाही. त्याला ‘तेरावीच्या जरा आधी’ एवढंच कळतं. बोटं टेकवणाऱ्याला ती मधल्या बोटावर सापडते. गाणं शिकणाऱ्यांनीही ही गत एकदा हातावर म्हणून बघावी, सतार वाजवत नसलात तरी.

वहीत स्वरलेखन उतरवताना एक गोष्ट सांभाळा. भातखंडे पद्धतीत सम ×, काल ० आणि उरलेल्या टाळ्यांना २, ३ असे आकडे. त्रितालाच्या ओळीखाली ×, २, ०, ३ दिसतं. पलुस्कर पद्धतीत सम १, काल +, आणि टाळ्यांना त्या मात्रेचाच आकडा. तिथे १, ५, +, १३ दिसतं. महाराष्ट्रात दोन्ही पद्धतींची पुस्तकं हातात येतात. घाईने लिहिलेला + आणि × सारखेच दिसतात, आणि एकाचा अर्थ काल तर दुसऱ्याचा सम. आठ मात्रांचा घोळ होतो. कुणाच्याही वहीतून उतरवताना ओळीत शून्य आहे का ते आधी बघा. असेल तर फुली म्हणजे सम.

दुगुन

परीक्षेत हमखास विचारतात ते हे: ठेका हाताने देत बराबरीत म्हणा, मग दुगुनीत म्हणा. दुगुन म्हणजे एका मात्रेत दोन बोल. हाताची लय बदलत नाही. तोंड दुप्पट चालतं, हात होता तसाच.

पहिल्या टाळीवर ‘धाधिं’, करंगळीवर ‘धिंधा’, अनामिकेवर ‘धाधिं’, मधल्या बोटावर ‘धिंधा’. दुसऱ्या टाळीवर ‘धातिं’, मग ‘तिंता’, ‘ताधिं’, ‘धिंधा’. इथे हाताच्या आठ मात्रा झाल्या आणि तोंडाने पूर्ण ठेका म्हणून झाला. म्हणून नवव्या मात्रेला, हात उलटा असताना, तोंडात पुन्हा ठेक्याची सुरुवात यायला हवी: ‘धाधिं’. आणि तेरावीच्या टाळीवर ‘धातिं’.

बरोबर चाललंय की नाही, हे तपासायला सगळ्या १६ मात्रा बघायची गरज नाही. उलट्या हातावर ‘धाधिं’ आलं का, एवढंच बघा. कालावर ‘धातिं’ आलं तर एक खंड मागे आहात. कालावर ‘धिंधा’ आलं तर एक मात्रा कुठेतरी खाल्ली किंवा वाढवली. आणि सगळं बरोबर येतंय पण हातच दुप्पट वेगाने चालायला लागला असेल, तर ती दुगुन नव्हे, नुसती द्रुत लय. हे समोरच्याला लगेच कळतं, करणाऱ्याला कळत नाही. म्हणून पुन्हा घड्याळ: दुगुन म्हणतानाही समेची टाळी १६, ३२, ४८ वरच पडली पाहिजे.

एका आवर्तनात बराबर, पुढच्यात दुगुन, परत बराबर, असं न थांबता म्हणा. दुगुनीत शिरणं सोपं असतं. परत येताना जीभ वेग सोडत नाही आणि पहिल्या खंडात धावते. तिथे ‘धा’ लांबवून धरला की जीभ ताळ्यावर येते.

याच हाताने पुढचे ताल

त्रिताल बसला की झपताल लवकर येतो. १० मात्रा, खंड २, ३, २, ३ असे. टाळ्या १, ३, ८ वर आणि काल ६ वर. ‘धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना’. तीन मात्रांच्या खंडात टाळी, करंगळी, अनामिका. दोनच्या खंडात टाळी आणि करंगळी. इथे कान आणि हात भांडत नाहीत. सहावीला हात उलटा होतो आणि तिथेच ‘ती ना’ येऊन डग्गा थांबतो, आठवीच्या टाळीला परत येतो. त्रितालाने हैराण झालेल्याला मी मधेच झपताल देतो, त्याला आपला कान ठीक आहे हे कळावं म्हणून.

एकताल मात्र कानाने पकडायला जाऊ नका. १२ मात्रा, दोन-दोनचे सहा खंड, टाळ्या १, ५, ९, ११ वर आणि काल ३ व ७ वर. ‘धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, क त्ता, धागे तिरकिट, धी ना’. पहिल्या कालावर ‘धागे’ येतं, डग्ग्यासकट, आणि पाचवीच्या टाळीवर ‘तू’ येतं, डग्ग्याशिवाय. त्रितालात एका मात्रेचा फरक होता, इथे उलटाच कारभार. टाळी, काल, टाळी, काल, टाळी, टाळी, हा क्रम हातानेच पाठ करायचा. शेवटच्या दोन टाळ्या आणि पुढची सम अशा तीन टाळ्या दोन-दोन मात्रांनी लागोपाठ पडतात. तिथे नवखे हटकून मधे एक काल घालतात.

आणि रूपक. ७ मात्रा, खंड ३, २, २. ‘ती ती ना, धी ना, धी ना’. टाळ्या ४ आणि ६ वर. काल पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवरच. सम आली की टाळी द्यायची, ही त्रितालात लागलेली सवय इथे आड येते. रूपकात सम उलट्या हाताने दाखवायची. पहिल्या दिवशी हात दहादा टाळीकडे धावतो. तेव्हा सुरुवात समेपासून करूच नका. चौथ्या मात्रेच्या टाळीपासून करा: टाळी, करंगळी, टाळी, करंगळी, आणि मग हात उलटा करून उजवीकडे, करंगळी, अनामिका. दहा-बारा आवर्तनं अशी फिरवा, आणि मग न थांबता, हात उलटा होईल त्या क्षणापासून ‘एक’ मोजायला लागा.